दर आठवा फ्लॅट

पुण्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाची कल्पना करा. बारा इमारती, प्रत्येक इमारतीला अकरा मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट. म्हणजे एका इमारतीत ४४ आणि सगळ्या संकुलात ५२८ घरे. उन्हाळा तोंडावर आला आहे, टँकरची बिले वाढत आहेत आणि घरटी रोज किती पाणी लागते हे सोसायटीला एकदाचे नीट कळायला हवे आहे. घरोघर स्वतंत्र मीटर नाहीत. ५२८ घरी जाऊन मोजमाप करायला माणसे नाहीत आणि तेवढा वेळही नाही. साठ-सत्तर घरे निवडून तिथे काटेकोर मोजणी करायची असे ठरते. प्रश्न एवढाच उरतो की कोणती घरे?

सचिवांच्या कपाटात सभासदांची यादी आहे. ती इमारतवार, मजलावार आणि फ्लॅटच्या क्रमाने लावलेली आहे: पहिल्या इमारतीचे १०१, १०२, १०३, १०४, मग २०१, असे करत बाराव्या इमारतीच्या ११०४ पर्यंत. अशी यादी हाताशी असली की ५२८ चिठ्ठ्या करून त्यातून ६६ उचलण्याची कटकट कोणी करत नाही. ५२८ ला ६६ ने भागले की ८ येतात. एक ते आठ यांतला एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा आणि तिथून दर आठवे नाव घेत जायचे. आकडा ३ आला तर नोंद क्रमांक ३, ११, १९, २७ आणि असेच पुढे ५२३ पर्यंत. संख्याशास्त्रात याला पद्धतशीर यादृच्छिक निवड म्हणतात. त्यातला ‘यादृच्छिक’ भाग म्हणजे ती एक चिठ्ठी. बाकी सगळे आपोआप ठरते.

ही चिठ्ठी खरोखर टाकायची असते. ‘तीनपासून घेऊ या’ असे मनाने ठरवणे म्हणजे चिठ्ठी नव्हे, कारण मनाने आकडा निवडणारा माणूस यादीचे पहिले पान समोर ठेवूनच बसलेला असतो. साधने साधी चालतात. गावोगावच्या लसीकरण पाहण्यांत खिशातल्या नोटेच्या क्रमांकाचा शेवटचा अंक वापरण्याची जुनी रीत आहे. आपल्याला १ ते ८ हवेत, म्हणून ० किंवा ९ आला तर ती नोट बाजूला ठेवून दुसरी काढायची. ९ आल्यावर ‘चला, आठ धरू’ म्हटले की आठव्या नावाची संधी दुप्पट झाली.

आता चिठ्ठीत ३ आला आणि कार्यकर्ते बाहेर पडले. यादीतल्या नोंदींचे फ्लॅट क्रमांक लिहून पाहू. पहिल्या इमारतीत १०३, ३०३, ५०३, ७०३, ९०३, ११०३. दुसऱ्या इमारतीत २०३, ४०३, ६०३, ८०३, १००३. तिसऱ्या इमारतीत पुन्हा १०३. बाराही इमारतींत, ६६ पैकी ६६ घरे ‘०३’ ची. कारण उघड आहे: दर मजल्याला चार फ्लॅट आणि आपण चालतो आठ-आठ पावलांनी, म्हणजे बरोबर दोन मजले वर, त्याच दाराशी.

नकाशा पाहिल्याखेरीज यात काही बिघडले असे वाटणार नाही. समजा बिल्डरने प्रत्येक मजल्यावर ०१ हा तीन बेडरूमचा, ०२ आणि ०४ दोन बेडरूमचे आणि मधल्या कोपऱ्यात बसवलेला ०३ एका बेडरूमचा असा आराखडा केला आहे. मोठ्या घरात माणसे जास्त, पाणी जास्त. सोपे आकडे धरू: ०१ मध्ये सरासरी रोज ६४० लिटर, ०२ आणि ०४ मध्ये ५००, ०३ मध्ये ३६०. संपूर्ण संकुलाची खरी सरासरी ५०० लिटर. आपली पाहणी सांगणार ३६०. चिठ्ठीत १ किंवा ५ आला असता तर तीच पाहणी ६४० म्हणाली असती. २, ४, ६ किंवा ८ आला असता तर उत्तर ५०० च्या आसपास आले असते आणि सगळ्यांनी पद्धतीचे कौतुक केले असते.

आठही शक्य चिठ्ठ्यांची उत्तरे एकत्र करून सरासरी काढली तर ती बरोबर ५०० येते. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या अर्थाने या पद्धतीत पक्षपात नाही. प्रत्येक घराला निवडले जाण्याची आठात एक संधी होती, कोणालाही वगळले नव्हते. तरीही आठपैकी चार चिठ्ठ्यांनी आपल्याला १४० लिटरने फसवले असते. ‘प्रत्येकाला समान संधी’ हे वाक्य अहवालात लिहिले की काम झाले असे मानणारे लोक इथे घसरतात. समान संधीने दीर्घकाळची सरासरी सांभाळली जाते. पण आपण पाहणी एकदाच करतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पाहणी किती भरवशाची हे ठरवताना आपण नमुन्यातल्या आकड्यांचा विखुरलेपणा पाहतो. एकाच प्रकारच्या घरांमध्ये पाणीवापर साधारण ९० लिटरने कमी-जास्त होतो असे धरू. आपल्या नमुन्यात सगळी घरे ०३ ची, त्यामुळे विखुरलेपणा ९० चाच दिसणार. ९० ला ६६ च्या वर्गमुळाने भागले की ११ येतात. अहवाल म्हणेल: सरासरी ३६० लिटर, प्रमाण त्रुटी फक्त ११ लिटर. इतके सुबक उत्तर पाहून कोणालाही समाधान वाटेल. खरी चूक मात्र १४० ची आहे आणि नमुन्यातल्या एकाही आकड्यात तिची खूण नाही. सगळी घरे एकमेकांसारखी असल्यामुळेच विखुरलेपणा कमी दिसला आणि ती एकमेकांसारखी होती म्हणूनच उत्तर चुकले. आतून पाहणाऱ्याला हा दोष दिसू शकत नाही. तो यादीकडे पाहूनच ओळखावा लागतो.

गणित असे का वागते? दर आठव्या नावाचा नमुना म्हणजे ६६ घरांची स्वतंत्र निवड नव्हे. ५२८ घरांचे आठ ठरलेले गट आधीच पडलेले असतात आणि चिठ्ठीने आपण त्यातला एक अख्खा गट उचलतो. नशिबाची फेरी एकच. गटाच्या आत जितकी विविधता, तितका तो संकुलासारखा. गटातली घरे जितकी एकसाची, तितका धोका. १९४४ मध्ये विल्यम आणि लिलियन मॅडो या दांपत्याने या पद्धतीचा सिद्धांत मांडला, त्याचे मर्म हेच आहे. आपल्या संकुलाला ते लावून पाहिले तर तुलना बोलकी आहे. ६६ घरे साध्या चिठ्ठ्यांनी निवडली असती तर उत्तर नेहमीच्या हिशेबाने १५ लिटरच्या आसपास मागेपुढे झाले असते. दर आठवे घर घेतले तर ही हालचाल १०० च्या घरात जाते. आणि आठाऐवजी दर सातवे घर घेतले तर? सुमारे १०. म्हणजे तीच पद्धत, तीच यादी, अंतरात एकाचा फरक आणि उत्तर साध्या चिठ्ठ्यांहूनही चांगले.

सातची चाल पाहा. पुन्हा ३ पासून निघू: ३, १०, १७, २४, ३१, ३८. फ्लॅट होतात १०३, ३०२, ५०१, ६०४, ८०३, १००२. पुढची नोंद ४५, म्हणजे दुसऱ्या इमारतीचा १०१. प्रत्येक पावलाला दार बदलते आणि चार पावलांत चारही प्रकार येऊन जातात. इथे शाळेतला मसावि कामाला येतो. यादीतला आकृतिबंध दर चार नोंदींनी परत येत असेल आणि आपले अंतर आठ असेल, तर ४ आणि ८ यांचा मसावि ४. चाराला चाराने भागले की एक: एकाच जागेला भेट. अंतर सात, मसावि १: चारही जागांना भेट. अंतर सहा घेतले तर मसावि २, म्हणजे दोनच जागा. चिठ्ठीत विषम आकडा आला तर फक्त ०१ आणि ०३, सम आला तर फक्त ०२ आणि ०४. गंमत अशी की आपल्या आकड्यांत दोन्ही जोड्यांची सरासरी ५०० च येते, त्यामुळे सरासरी विचारणारा सुटेल. पण ‘दोन बेडरूमची घरे किती’ असे विचारणाऱ्याला एकतर शून्य टक्के हे उत्तर मिळेल नाहीतर शंभर टक्के.

मग कोणती तरी मूळ संख्या घ्यावी, असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. तो अर्धवट आहे. ११ ही मूळ संख्या आहे आणि चाराशी तिचे काही वैर नाही. दर अकरावे घर घेतले, ३ पासून, तर ३, १४, २५, ३६ म्हणजे १०३, ४०२, ७०१, ९०४. चारही प्रकार आले. पण पुढची नोंद ४७, म्हणजे दुसऱ्या इमारतीचा १०३, आणि पुन्हा तेच चार. बाराही इमारतींत तेच चार फ्लॅट. कारण यादीत दुसराही आकृतिबंध आहे: दर ४४ नोंदींनी इमारत बदलते, आणि ११ व ४४ यांचा मसावि ११. पाणीवापराच्या सरासरीला याने काही झाले नसते. मात्र कार्यकर्त्यांनी सोबत ‘नळाला दाब कसा येतो’ असेही विचारले असते तर पंचाईत झाली असती. गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येते तेव्हा सर्वांत वरच्या मजल्यांना दाब सर्वांत कमी मिळतो, आणि आपल्या नमुन्यात पहिला, चौथा, सातवा आणि नववा एवढेच मजले आहेत. दहाव्या आणि अकराव्यावरचा माणूस एकदाही सापडणार नाही. अंतर निवडताना मसावि एकाच आवर्तनाशी नव्हे, तर यादीत जेवढी आवर्तने दिसतात त्या सगळ्यांशी तपासायचा. ४ आणि ४४ दोन्हींशी सहमूळ म्हणजे ७, ९, १३, १५. यातला हवा तो घ्या. १५ मूळ नाही, तरी चालतो.

सगळ्या पुनरावृत्ती घातक नसतात, हेही सांगायला हवे. नाहीतर माणूस यादीला हात लावायलाच घाबरेल. छापील मतदार यादीच्या पानावर तीन रकान्यांत दहा-दहा अशी तीस नावे असतात. दर तिसावे नाव घेतले तर पानावरचा तोच चौकोन पुन्हा पुन्हा येईल. पण पानावरच्या जागेचा त्या मतदाराच्या वयाशी, शिक्षणाशी किंवा मताशी काही संबंध नाही. कुटुंबे लहान-मोठी असतात, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष दरवेळी त्याच चौकोनात येत नाही. आवर्तन धोक्याचे तेव्हाच ठरते जेव्हा जागेचा आणि विचारलेल्या प्रश्नाचा संबंध असतो. हाताने लिहिलेल्या वहीत मात्र पान दिसते तितके निरुपद्रवी नसते. पानाची पहिली ओळ ‘मागील पानावरून’ आलेल्या बेरजेची असू शकते, आणि रोज नवे पान काढण्याची पद्धत असेल तर पहिली ओळ म्हणजे रोज दार उघडण्याआधी रांगेत उभा असलेला माणूस.

कागदाच्या आकारानेच आवर्तन तयार होण्याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९४० च्या जनगणनेत तिथे पहिल्यांदाच नमुना पद्धत वापरली गेली. सगळ्यांना थोडे प्रश्न, आणि शेकडा पाच लोकांना जास्तीचे: मातृभाषा कोणती, आईवडिलांचा जन्म कुठला, स्त्रियांना किती मुले झाली. आखणी करणाऱ्यांत मॉरिस हॅन्सन, फ्रेडरिक स्टीफन आणि पुढे जपानी कारखानदारांचा गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले एडवर्ड्स डेमिंग होते. गणनेच्या तक्त्याच्या प्रत्येक बाजूला चाळीस ओळी. चाळिसात दोन म्हणजे पाच टक्के, तेव्हा प्रत्येक बाजूच्या दोन ओळी नमुन्याच्या म्हणून छापायच्या. त्या ओळींवर ज्याचे नाव येईल त्याला जास्तीचे प्रश्न.

कोणत्या दोन ओळी? गणनाकार आपल्या विभागाचे काम नव्या तक्त्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू करतो, आणि घराची नोंद नेहमी कुटुंबप्रमुखापासून होते. म्हणून विभागाच्या पहिल्या तक्त्यावर पहिली ओळ हमखास कुटुंबप्रमुखाची, दुसरी बहुधा त्याच्या बायकोची. शिवाय काम बहुतेकदा गल्लीच्या टोकाच्या, कोपऱ्यावरच्या घरापासून सुरू होते. जसजसे खाली जावे तसतशी लहान-मोठी कुटुंबे मिसळत जातात आणि ओळ क्रमांकाचा माणसाशी असलेला संबंध पुसट होतो. म्हणून बहुतेक तक्त्यांवर मधल्या ओळी, पहिल्या बाजूला चौदावी आणि एकोणतिसावी, निवडल्या गेल्या. पण फक्त मधल्या ओळी घेतल्या तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळींवरची माणसे नमुन्यात येणारच नाहीत. यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या ओळींवर खूण असलेले एकूण पाच प्रकारचे तक्ते छापले आणि थोड्या तक्त्यांवर कडेच्या ओळींना संधी दिली. यादी हातात आल्यावर नव्हे, तर यादी लिहिली जाण्याच्या आधीच तिच्यातला आकृतिबंध ओळखून त्याचा बंदोबस्त केला गेला. या योजनेतली एक कच्ची बाजू मात्र राहून गेली: कोणती ओळ नमुन्याची हे गणनाकाराला आधीच दिसत होते. जास्तीचे प्रश्न विचारण्याचा कंटाळा आलेल्याने चौदाव्या ओळीवर कोणाला बसवायचे हे ठरवले, तर त्याला रोखणार कोण? आपल्याकडच्या नोंदवह्यांत निवड नेहमी लिखाण झाल्यावर करावी, ती यासाठी.

रोजच्या वह्यांना आठवड्याचे आवर्तन असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून माणसे येतात आणि लसीकरणाच्या ठरलेल्या वारी तान्ही मुले. वर्षातले दिवस निवडताना सात, चौदा किंवा एकवीस दिवसांचे अंतर घेतले की वर्षभर एकच वार. पाहणीत रुग्णसंख्या बाजाराच्या दिवसाची, पण अहवालात ती रोजची म्हणून छापली जाते. पाच किंवा दहा दिवसांचे अंतर सातशी सहमूळ आहे, ते सातही वारांवरून फिरते. इथे मूळ संख्या सात हीच सर्वांत वाईट, हे वरच्या सल्ल्यासाठी पुरेसे उत्तर आहे. दिवसांऐवजी रुग्णांच्या नोंदी मोजत गेलो, म्हणजे दर चाळिसावा रुग्ण, तर आवर्तन आपोआप सैल पडते, कारण एका दिवसाला कधी पस्तीस तर कधी सत्तर नोंदी होतात.

आता अंतर काढण्याकडे वळू. ५२८ ला ६६ ने भाग गेला, कारण आकडे मी तसे निवडले. प्रत्यक्षात भाग क्वचित जातो. समजा सोसायटीला नेमकी ७० घरे हवी आहेत. ५२८ भागिले ७० म्हणजे ७.५४. आठ धरले तर ६६ च घरे मिळतात, शिवाय आठचा दोष आहेच. सात धरले तर ७५ किंवा ७६ मिळतात. इथे कार्यकर्ते सर्रास एक गोष्ट करतात: सातने चालत जायचे आणि ७० भरली की थांबायचे. ७० गुणिले ७ म्हणजे ४९०. यादीतल्या ४९१ ते ५२८ या नोंदींना निवडले जाण्याची संधीच उरली नाही. बारावी इमारत ४८५ पासून सुरू होते, म्हणजे तिच्या ४४ पैकी ३८ घरे नमुन्याबाहेर. यादीतली शेवटची इमारत सहसा सर्वांत नंतर बांधलेली आणि जलवाहिनीच्या टोकाची असते. पाण्याच्या पाहणीत नेमकी तीच गाळणे म्हणजे तक्रार ऐकून घ्यायला बसायचे आणि तक्रारदारालाच दाराबाहेर ठेवायचे.

यावर दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, अपूर्णांक तसाच ठेवायचा. ० आणि ७.५४ यांच्या मधला एखादा आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा ३.२, आणि त्यात दरवेळी पूर्ण अंतर मिळवत जायचे: ३.२, १०.७४, १८.२९, २५.८३, ३३.३७. प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकावर न्यायचा: ४, ११, १९, २६, ३४. अंतर कधी सात, कधी आठ. सत्तरावी नोंद ५२४ वर येते आणि यादी पूर्ण झाकली जाते. पूर्णांकावर न्यायचे ते फक्त लिहिताना. मिळवत जाताना मूळ दशांश धरूनच चालायचे, नाहीतर चूक साठत जाऊन पुन्हा शेवट गळतो. स्प्रेडशीटमध्ये हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि अंतर सात-आठ असे बदलत राहिल्यामुळे मजल्याच्या आवर्तनाशी जुळून बसण्याची भीतीही कमी होते.

दुसरा मार्ग भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या डी. बी. लाहिरी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी सुचवला. यादीची दोन टोके जोडून तिचे वर्तुळ करायचे. चिठ्ठी १ ते ८ मधली नव्हे, १ ते ५२८ मधली काढायची, तिथून सात-सात पावलांनी ७० घरे घ्यायची आणि ५२८ संपले की पुन्हा १ पासून मोजत जायचे. सुरुवात कुठूनही होऊ शकते, त्यामुळे बाराव्या इमारतीवर अन्याय होत नाही आणि नमुना नेमका ७० चा. एकच दक्षता: अंतर खालच्या पूर्णांकाचे घ्यायचे. आठ घेतले असते तर ६६ पावलांनंतर वर्तुळ बरोबर सुरुवातीच्या दाराशी परत आले असते आणि उरलेली चार घरे दुसऱ्यांदा मोजली गेली असती.

आवर्तन आहे की नाही हे पाहणीआधी कसे कळावे? आपल्याला हवी ती माहिती, पाणीवापर, अजून हाती नाही. पण नोंदवहीत तिच्याशी नाते असलेले काहीतरी बहुधा असतेच. इथे चटईक्षेत्र आहे. देखभाल शुल्क त्यावर ठरत असेल तर तो रकाना भरलेलाच असणार. स्प्रेडशीटच्या पहिल्या रकान्यात १ ते ५२८ अनुक्रम असेल तर शेजारी हे सूत्र टाकायचे:

```
=MOD(A2-1,8)+1
```

प्रत्येक नोंदीला १ ते ८ यांतला एक गट मिळतो. हे आठ गट म्हणजेच आपले आठ शक्य नमुने. प्रत्येक गटाचे सरासरी चटईक्षेत्र काढायचे. आठही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर अंतर निर्धोक. पहिला आणि पाचवा गट वर, तिसरा आणि सातवा खाली असे चित्र दिसले की आठ सोडायचा आणि सूत्रात ७ किंवा ९ घालून पुन्हा पाहायचे. त्याआधी, माझ्या मते त्याहूनही महत्त्वाचे, ही वही कोण लिहितो आणि कोणत्या क्रमाने लिहितो हे त्या माणसाला जाऊन विचारायचे. आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया असेल आणि तिथे एक फ्लॅट कमी असेल तर इमारतीत ४४ नव्हे, ४३ नोंदी आहेत आणि आपला सगळा मसाविचा हिशेब नव्याने करायला हवा. हे कारकुनाला माहीत असते, सूत्राला नाही.

आणि शंका राहिलीच, तर एक चिठ्ठी टाकण्याऐवजी चार टाकाव्यात. अंतर चौपट करायचे, ३२, आणि १ ते ३२ मधून चार वेगवेगळ्या सुरुवाती काढायच्या. समजा ६, १५, २१ आणि ३२ आल्या. पहिल्या दोन सुरुवातींना १७-१७ घरे, पुढच्या दोघींना १६-१६, एकूण पुन्हा ६६. बत्तीसही चाराने विभागला जातो, त्यामुळे प्रत्येक सुरुवात एकाच दाराला चिकटून राहील: ६ म्हणजे ०२, १५ म्हणजे ०३, २१ म्हणजे ०१, ३२ म्हणजे ०४. चार उत्तरे साधारण ५००, ३६०, ६४० आणि ५०० येतील. त्यांच्यातली ही तफावतच ओरडून सांगते की यादीत काहीतरी दडले आहे. तिच्यावरून काढलेली प्रमाण त्रुटी ५७ लिटर येते. ११ च्या तुलनेत हा आकडा ओबडधोबड दिसतो, पण तो खरा आहे. चारही सुरुवाती एकाच दाराशी पडून फसवणूक होण्याची शक्यता सव्वाशेत एक इतकीच. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या ताग आणि इतर पिकांच्या पाहण्यांत एकमेकांत गुंफलेले स्वतंत्र उपनमुने वापरले, त्यामागचा विचार याच जातीचा. तिथे हे उपनमुने वेगवेगळ्या पथकांना दिले जात, त्यामुळे यादीबरोबर पाहणी करणाऱ्यांचे दोषही उघडे पडत.

निवड झाल्यावर कार्यकर्ता ८०३ च्या दाराशी पोचतो आणि कुलूप दिसते. शेजारचा ८०४ उघडा आहे, तिथले लोक चहाही देतील. पण ८०४ घेतला की ज्यांच्या शेजारी बंद घर आहे अशा फ्लॅटची संधी दुप्पट होते आणि दिवसभर बाहेर असणारी, कमी पाणी वापरणारी नोकरदार घरे हळूहळू नमुन्यातून नाहीशी होतात. यादीतल्या रद्द झालेल्या सभासदांचे, दोनदा चढलेल्या नावांचे आणि रिकाम्या ओळींचेही तेच. खोडलेली नोंद आली तर ‘पुढची ओळ’ घ्यायची नाही. ती ‘अपात्र’ म्हणून लिहून ठेवायची आणि चाल तशीच पुढे न्यायची. कुलूपबंद घराला वेगळ्या वेळी, रात्री किंवा रविवारी, पुन्हा भेट द्यायची आणि तरीही ते उघडले नाही तर त्याची मोजदाद ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात करायची. दहातली एखादी नोंद अशी निघेल असा अंदाज असेल तर सुरुवातीलाच ७० ऐवजी ७८ घरे धरून अंतर काढावे. तेव्हा ते ६.७७ येते, आणि ४ व ४४ यांच्याशी त्याचे जुळते का हे सूत्र चालवून पुन्हा पाहावे लागते.